तक्रारीचे स्वरूप

आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. सप्टेंबरात सोयाबीन कापणीला आलं की अंतिम वर्षाच्या हिंदीच्या वर्गात सतरातली नऊ पोरं उरतात. त्या मंगळवारीही नऊच होती, आणि मी श्रीलाल शुक्लांची ‘राग दरबारी’ शिकवत होतो.

कादंबरी 1968 सालची. पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लेखक उत्तर प्रदेश सरकारच्या नोकरीतला अधिकारी, त्यामुळे फाईल आतून कशी हलते हे त्याला पक्कं ठाऊक. शिवपालगंज नावाचं गाव, तिथले वैद्यजी, त्यांचं कॉलेज, सहकारी संस्थेतला अपहार आणि तब्येत सुधारायला मामाकडे आलेला रंगनाथ नावाचा इतिहासाचा एम.ए. पुस्तक इतकं हसवतं की शिकवणाऱ्याला वाटतं, आपलं काम झालंच. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

पोरांनी गाईडमधलं एक वाक्य पाठ केलेलं असतं: लेखकाने कडू गोळीला विनोदाची साखर लावली आहे. मी ते कधी खोडलं नाही. खोटं कशाला बोलू, चार-पाच वर्षांपूर्वी मीच ते फळ्यावर लिहून दिलं होतं. त्या दिवशी मात्र ते तपासून बघायची लहर आली. म्हटलं, लंगडची गोष्ट घ्या आणि साखर धुऊन टाका. एकही विनोद न ठेवता त्याच्या वतीनं अधिकाऱ्याला तक्रारीचा अर्ज लिहा. गोळी तेवढी उरेल. अंतर्गत मूल्यमापनाचे दहा गुण.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी लंगडची गोष्ट थोडक्यात. कंठी घातलेला, पायानं अधू असा हा भगत माणूस. त्याला तहसिलीतून एका कागदाची नक्कल, म्हणजे सरकारी प्रत, हवी आहे. ती लिहून देणारा कारकून, नक्कलनवीस, पाच रुपये लाच मागतो, लंगड म्हणतो दर दोनचा आहे. मग वाद पेटतो. इथं लोक नक्कलनवीसाचीच बाजू घेतात: लेकरंबाळंवाला माणूस आहे, पोरींची लग्नं करायची आहेत, दर वाढवणारच. चिडून लंगड शपथ घेतो की आता लाच देणार नाही, नक्कल कायद्यानंच घेईन. आणि नक्कलनवीसही शपथ घेतो की लाच घेणार नाही, नक्कल कायद्यानंच देईन. मग कधी तिकीट कमी लागलेलं निघतं, कधी फाईलीचा पत्ता चुकलेला, कधी एक रकाना अर्धवट. चूक कळवणारी सूचना फलकावर लागते, ती लंगडच्या नजरेला पडत नाही आणि अर्ज खारीज होतो. तो नवा अर्ज करतो. भेटेल त्याला ‘बापू’ म्हणतो, हकिगत सांगतो आणि ‘जातो बापू’ म्हणून पुन्हा तहसिलीची वाट धरतो. शेवटी नक्कल खरंच तयार होते. तशी सूचनाही लागते. नेमका तेव्हा लंगड घरी आजारी पडलेला असतो. मुदतीत कोणी न्यायला आलं नाही म्हणून ती फाडून टाकतात.

नऊ जणं लिहायला बसली. आठांचे अर्ज मला अपेक्षित होते तसेच: ‘सदर कर्मचारी भ्रष्ट असून गरिबास नाडत आहे, तरी कडक कारवाई व्हावी.’ नववा मुलगा सकाळी सेतू केंद्रावर बसतो, दिवसाला पंधरा-वीस अर्ज भरतो. त्यानं अर्जदाराचं नाव घातलं, विषय घातला आणि पेन खाली ठेवला.

‘‘काय झालं रे?’’

‘‘सर, तक्रार कायची लिवू? बाबूनं पैसे घेतलेच नाही ना जी.’’

‘‘पण मागितले होते.’’

‘‘ते पयले. त्याच्या नंतर तं तो कायद्यानंच चालला. तिकीट कमी होतं तं कमीच होतं. रकाना रिकामा होता तं रिकामाच होता. फलकावर लावलं नसतं तं तक्रार होती, पण त्यानं लावलं. याच्यावर साहेब एकच शेरा मारन, अर्ज निकाली.’’

मी पुस्तक उघडून प्रत्येक नकार पुन्हा तपासला. पोराचं म्हणणं बरोबर होतं. शपथेनंतर नक्कलनवीसानं एकही नियम मोडल्याचं दिसत नाही. बाकीच्या आठांनी ‘भ्रष्ट कर्मचारी’ लिहिला तेव्हा त्यांनी कादंबरीत नसलेला गुन्हा तिच्यावर लादला होता. मीही वर्षानुवर्षं तेच करत आलो होतो. साखर धुतल्यावर हाती गोळी उरलीच नव्हती.

मग पुढचे दोन तास आम्ही हाच एक तुकडा खरवडत बसलो. हसू नेमकं कुठं येतं? पहिलं हसू त्याच्या नावावर, त्याच्या चालीवर. ते हलकं हसू आहे आणि लेखक ते फुकट वापरतो, हे माझं मत. दुसरं हसू पाच आणि दोन रुपयांवर. लंगडही लाचेच्या विरोधात नव्हता, दराच्या विरोधात होता, त्यामुळे साधू आणि चोर अशी सोयीची वाटणी तिथंच मोडते. तिसरं हसू दोन शपथांवर. दोन्ही वाक्यं जवळपास एकाच साच्याची, कर्ता तेवढा बदललेला. निवेदक ही सत्याची लढाई असल्यासारखा गंभीर चेहरा ठेवतो आणि आपण हसतो, कारण दोघंही प्रामाणिक झाले तरी नक्कल मिळणार नाही हे आपल्याला आधीच कळलेलं असतं. कादंबरीचा युक्तिवाद तेवढाच आहे. लाच घेणारा बाबू काढून टाका, नियमानं चालणारा बसवा, लंगडचे हेलपाटे तेच राहतील. हे सरळ विधान करून सांगितलं तर वाचक लगेच भांडेल की नियम असायलाच पाहिजेत. हसल्यावर भांडायला तोंड राहत नाही, कारण हसण्यातच त्यानं ते कबूल केलेलं असतं.

आणखी एक गोष्ट हाती लागली. शेवटच्या वेळी, नक्कल फाडल्याचं वाचलं तेव्हा, वर्गात कोणी हसलं नाही. मी शपथांचा आणि नक्कल फाडल्याचा, दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून वाचून दाखवले. निवेदकाचा सूर मला कुठं बदललेला दिसला नाही. तोच थंड, कचेरीतला. करुण शब्द त्यानं स्वतःहून घातलेले नाहीत. तोच विनोद इतक्यांदा ऐकल्यावर फक्त आपलं हसू संपलेलं असतं.

‘‘पण सर,’’ पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘‘याच्यात बाया कुठं आहेत? त्या बेला नावाच्या पोरीबद्दल सारं शिवपालगंज बोलते, तिले काहून बोलू देत नाही?’’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. एवढ्या चौफेर नजरेच्या लेखकाला अर्धं गाव दिसलं नाही, हे मी वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी गुण भरायला बसलो. सेतूवाल्या पोरानं शेवटी अर्ज पुरा केला होता. ‘तक्रारीचे स्वरूप’ या मथळ्याखाली एकच ओळ: ‘सर्व काही नियमानुसार झाले.’ मी खुशीत दहापैकी दहा टाकणार, तर कागदावर रोल नंबरच नव्हता. बिनरोल नंबरचे कागद घ्यायचे नाहीत, तपासणीत अडचण होते, अशी आमच्या परीक्षा विभागाची सूचना फलकावर लावलेली आहे. दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलावून कागद परत केला आणि नीट भरून आणायला सांगितलं.

त्यानं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि दारातून वळून म्हणाला, ‘‘जातो बापू.’’