खाली म्हणजे कुठे?

आज एका दुकानात पाहिलेला प्रसंग लिहूनच ठेवते. हिंदी बोलणाऱ्या एक पर्यटक बाई लाकडी पेट्या बघत होत्या. प्रत्येक पेटीत बुद्धिबळाची प्यादी भरलेली. त्यांना नुसती पेटी हवी होती, म्हणून म्हणाल्या, "भैया, खाली वाली दिखाइए." काकांनी वाकून खालच्या फळीवरची काढली. उघडली तर आत प्यादी खुळखुळली. "नहीं, खाली!" काका गुडघ्यावर बसले आणि अगदी तळातली पेटी काढून दिली. तीही भरलेलीच. मग तळघराकडे बोट दाखवून म्हणाले, "अजून एक आहे, ती खाली आहे." बाईंचा चेहरा खुलला, पैसेही काढले!

मला हे फार विलक्षण वाटलं. प्रत्येक उत्तर समोरच्याच्या भाषेतही चपखल बसत होतं, म्हणून दोघांनाही शंका आली नाही. हिंदीतला 'खाली' म्हणजे रिकामा, तो मूळचा अरबी. आपला 'खाली' खालचा, खालावणे यांच्या कुळातला.

शेवटी मी म्हटलं, "काका, त्यांना रिकामी हवीय." काकांनी लगेच प्यादी कापडी पिशवीत ओतली आणि पेटी पुसून बाईंच्या हातात दिली.