खोली तिची, भिंती आमच्या

लेकीच्या खोलीवरून सध्या घरात रोज वाटाघाटी. तिला चारही भिंती गडद हिरव्या हव्यात, बाबांना पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही आणि मला फक्त टेबल नीट जागी लागायला हवंय. आज टेबलाचं तरी ठरलं एकदाचं. आधी तिने ते खिडकीला तोंड करून लावलं, दिसायला मस्त, पण दुपारी उजेड थेट डोळ्यात. मग खिडकीकडे पाठ करून बघितलं तर लॅपटॉपवर खिडकीच दिसायला लागली, अक्षरं गायब. शेवटी बाजूच्या भिंतीला लावलं, खिडकी उजव्या हाताला. सगळे सांगतात उजेड डावीकडून हवा, पण ही डावखुरी, डावीकडून उजेड आला तर हिच्याच हाताची सावली वहीवर पडते, म्हणून उलटं. टेबललॅम्पही त्यामुळे उजवीकडेच, कारण रात्री ट्यूब पाठीमागे येते आणि डोक्याची सावली बरोब्बर पुस्तकावर.

या जागेचा अजून एक फायदा म्हणजे दार तिच्या डाव्या बाजूला येतं. पाठ दाराकडे असली की येणारा जाणारा स्क्रीनमध्ये डोकावतो, तिची मुख्य तक्रार तीच होती. आता कोण आलं ते तिला दिसतं, आणि ती अभ्यासाला बसलीय एवढं आम्हालाही दिसतं, बास. पलंग दारातून दिसू नये म्हणून मध्ये पुस्तकांचं शेल्फ आडवं टाकायचं. तिला छतापर्यंत हवं होतं, पण मग खोलीचा अर्धा भाग अंधारात जातो, म्हणून चार फुटांवर तोडगा निघाला, झोपलेला माणूस झाकला जातो आणि वरून उजेड येतो. शेल्फ एका टोकाला भिंतीत स्क्रूने पक्कं करणार, नाहीतर कोणी टेकलं की आडवं व्हायचं.

तिचं कलम, टकटक केल्याशिवाय आत यायचं नाही. आमचं कलम, रात्री आतून कडी नाही. दोन्हीकडून कुरकुर, पण मंजूर!

पोस्टर भिंतीला चिकटवायची नाहीत यावर बाबा ठाम, डबल टेप काढताना रंगाचे पापुद्रे निघतात हे खरंच आहे. त्यापेक्षा टेबलासमोर चार बाय तीनचा एक सॉफ्टबोर्ड, त्यावर तिने काहीही लावावं, आम्ही ब्र काढणार नाही.

राहिला हिरवा रंग. पलंगामागची एकच भिंत, एवढ्यावर बाबा आलेत. खिडकीसमोरची मात्र पांढरीच, उजेड तिच्यावर पडून खोलीत पसरतो, तीच गडद केली तर दिवसाही लाइट लावावा लागेल. ही आता दोन शेड्समध्ये अडकलीय. मी म्हटलं मोबाइलवर बघून ठरवू नकोस, मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारून त्या भिंतीला टेकवून ठेव, सकाळी बघ आणि रात्री ट्यूबखाली बघ, कारण ट्यूबखाली गडद हिरवा कधीकधी चक्क काळा दिसतो. त्यावर उत्तर आलं, "मग तर अजूनच भारी."