फोनचा पडदा प्रोजेक्टरवर: एका वर्गाचा माझा अनुभव

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत ज्येष्ठ सभासदांना लोकलचे तिकीट मोबाइलवरून कसे काढावे हे शिकवण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्या वर्गात मी फोन हातात धरून दाखवला आणि दुसऱ्या रांगेच्या पुढे कोणालाच काही दिसले नाही. सभागृहातील वायफायवर माझा भरवसा नव्हता. म्हणून पुढच्या वर्गासाठी माझा अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडून scrcpy या मोफत प्रोग्रामने त्याचा पडदा प्रोजेक्टरवर नेण्याचे मी ठरवले. त्यासाठी फोनवर वेगळे अ‍ॅप टाकावे लागत नाही आणि विंडोजसाठीच्या झिप फाइलमध्ये लॅपटॉपवरून फोनला आज्ञा पाठवणारे adb हे साधन सोबतच मिळते.

फोनच्या माहितीच्या पानावर बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारली, तेव्हा डेव्हलपर पर्याय उघडले. केबलवरून लॅपटॉपच्या आज्ञा फोनला स्वीकारू देणारे त्यांतील यूएसबी डिबगिंग मी सुरू केले, परंतु लॅपटॉपला फोन दिसेना. चार्जिंग मात्र चालू होते. तो घोळ केबलचा निघाला, कारण काही केबल केवळ वीज वाहतात आणि त्यांच्यात माहितीच्या तारा नसतात. दुसरी केबल लावल्यावर `adb devices` या आज्ञेने फोनच्या अनुक्रमांकापुढे `unauthorized` असे दाखवले. फोनच्या पडद्यावर परवानगीची चौकट माझी वाट पाहत होती. ती मान्य केल्यावर तिथे `device` हा शब्द आला.

चित्र आले, पण माऊसने काही केल्या काम होईना. टर्मिनलमध्ये `INJECT_EVENTS` या परवानगीचा उल्लेख असलेली चूक दिसत होती. पडदा पाहणे आणि त्यावर बाहेरून स्पर्श पाठवणे या दोन निराळ्या परवानग्या आहेत. काही कंपन्यांच्या फोनांत दुसरीसाठी डेव्हलपर पर्यायांमध्येच यूएसबी डिबगिंगच्या सुरक्षा सेटिंगचे स्वतंत्र बटण असते. ते सुरू करून फोन पुन्हा चालू केला, तेव्हा माऊस चालू लागला.

तरीही वर्गात मी माऊस वापरला नाही, आणि हा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्पर्शाच्या जागी ठिपका दाखवणारा एक पर्याय scrcpy मध्ये आहे, परंतु तो ठिपका फोनच्या काचेवर खऱ्या बोटाने केलेल्या स्पर्शाचाच उमटतो, माऊसच्या क्लिकचा नाही. शिकणाऱ्याला बोट कुठे आणि किती वेळ टेकले हे कळायला हवे. माऊसचा बाण पाहून फोन कसा चालवावा हे शिकता येत नाही. म्हणून फोन मी टेबलावर सपाट ठेवला, बोटानेच चालवला आणि माऊस अडीअडचणीसाठी राखून ठेवला. त्याच कारणाने फोनचा पडदा बंद ठेवणारा `-S` हा पर्यायही मी टाळला. शेवटी आज्ञा अशी ठरली:

```
scrcpy -m 1024 --show-touches --stay-awake
```

यातील 1024 हा चित्राच्या लांब बाजूच्या कमाल पिक्सेलचा आकडा प्रोजेक्टरमुळे आला. आमच्या प्रोजेक्टरची उंची 720 पिक्सेल आहे. 1080 बाय 2400 चा उभा फोन त्यात बसवला की त्याची जेमतेम 324 पिक्सेल रुंदीची पट्टी होते. तेव्हा पूर्ण आकाराचे चित्र पाठवून लॅपटॉपवर भार टाकण्यात अर्थ नव्हता. अक्षरे मोठी दिसण्याचा उपाय फोनमध्येच होता: तेथील अक्षरांचा आकार वाढवल्यावर शेवटच्या रांगेतील काकांनीही ‘दादर’ हा शब्द वाचून दाखवला. वर्गापूर्वी मी ‘व्यत्यय नको’ ही सोयही लावली, कारण येणारा प्रत्येक संदेश भिंतीवर सगळ्यांना दिसला असता.

मुलुंड ते दादरचे तिकीट निवडून पैसे भरण्यापर्यंत सारे सुरळीत झाले. यूपीआयचा पिन टाकण्याचे पान उघडताच भिंतीवरचे चित्र काळे पडले. पुढे बसलेल्या काकूंनी विचारले, “अहो, वायर सुटली का?” वायर जागेवर होती आणि माझ्यासमोरच्या फोनवर ते पान नीट दिसत होते. असे पान चित्रित होऊ नये अशी सूचना अ‍ॅपनेच अँड्रॉइडला दिलेली असते, आणि scrcpy ती मोडू शकत नाही. मी हे वर्गाला तसेच सांगितले. हे कुलूप आपल्या पैशांच्या रक्षणासाठी आहे हे ऐकून काकूंची चिंता गेली. आता पिनचे पान मी आधीच फळ्यावर काढून ठेवतो, आणि भिंत काळी झाली की बोट फळ्याकडे नेतो.

वर्ग संपल्यावर मी यूएसबी डिबगिंग बंद करतो. सभागृहाचा लॅपटॉप अनेक जण वापरतात, म्हणून त्याला दिलेली डिबगिंगची परवानगीही डेव्हलपर पर्यायांतून रद्द करतो. पुढच्या वेळी ती चौकट पुन्हा मान्य करावी लागते, त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.