दुरुस्ती सोडली ८ मेला, खात्री पटली २२ मेला

आमच्या तालुक्यातल्या एका दूध संघाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. चौदा संकलन केंद्रं, सकाळ-संध्याकाळ दूध, आणि दर दहा दिवसांनी उत्पादकांचं बिल. २१ ते ३० एप्रिलचं बिल वाटल्यावर एक मावशी स्लिपांची जुडी घेऊन सोसायटीत आल्या. त्यांच्या बिलात २३ तारखेला सकाळी दोनदा दूध दिसत होतं. "माझी म्हैस एवढी गुणाची नाही बाबा," असं त्या सचिवांना म्हणाल्या म्हणे.

चूक सापडायला वेळ लागला नाही. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागे चालणाऱ्या जागतिक वेळेत, साठते आणि रोजचा गोषवारा करणारी क्वेरी तारीखही तशीच काढायची. म्हणजे तिच्या लेखी नवा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला उजाडायचा. इतकी वर्षं कुठलंच केंद्र साडेपाचच्या आत उघडत नसल्यामुळे हे झाकलेलं राहिलं. उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून टँकर लवकर निघायला लागला, तशी २४ एप्रिलपासून तीन केंद्रं पाच वाजता उघडू लागली, आणि त्यांचं पहिल्या अर्ध्या तासाचं दूध आदल्या तारखेत जाऊ लागलं.

दुरुस्ती एका ओळीची होती:

```
(collected_at AT TIME ZONE 'UTC' AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date
```

यातला `'UTC'`चा तुकडा मी आधी विसरलो होतो. रकान्यात टाइमझोन साठवलेला नसल्यामुळे पोस्टग्रेस ती वेळ आधीच भारतीय आहे असं धरतं आणि साडेपाच तास उलटे मागे नेतं. चाचणीत अख्खी सकाळची पाळी आदल्या दिवशी गेली, म्हणून निदान ते तरी घरातच पकडलं गेलं. ८ मेच्या संध्याकाळी दुरुस्ती सोडली.

सोडण्यापूर्वी लॉगमध्ये दोन आकडे वाढवले होते. साडेपाचच्या आतल्या नोंदी किती, आणि अठ्ठावीसपैकी किती पाळ्यांचा डेटा आला. नुसतं "एरर नाही" या ओळीवर माझा भरवसा नाही, कारण जुनी क्वेरीही कधी एरर देत नव्हती. ९ तारखेच्या सकाळी ही ओळ दिसली:

```
2024-05-09 00:40:12 INFO daily_summary date=2024-05-08 rows=1874 shifts=28/28 early_rows=63
```

सर्व्हरची घड्याळंही यूटीसीवर आहेत, तेव्हा हे आपले सकाळचे सहा दहा. ६३ नोंदी त्या तीन केंद्रांच्याच होत्या. आता हे आकडे कशाशी ताडून बघायचे? पाळी संपली की केंद्रावरचं मशीन एकूण लिटरची स्लिप छापतं. ती आमच्या गोषवाऱ्यातून जात नाही, म्हणून मी तिला प्रमाण मानलं. तीन लवकर उघडणाऱ्या केंद्रांच्या सचिवांना रोज स्लिपचा फोटो पाठवायला सांगितलं. शिवाय उशिरा उघडणारी दोन केंद्रंही घेतली. तिथे दुरुस्तीने काहीच बदलायला नको होतं, आणि बदललं असतं तर मी दुसरंच काही मोडलंय हे कळलं असतं.

शीतकरण केंद्रावरचं टँकरचं वजनही हाताशी होतं. पण तिथे किलो, आणि आमच्याकडे लिटर. लिटरला १.०३ने गुणून जुळवायचं, त्यातून तपासणीचं आणि केंद्रावरच विकलेलं दूध वजा करायचं. तो मेळ थोडा सैलच राहणार. स्लिप आणि गोषवारा मात्र एकाच मशीनच्या नोंदींतून येतात, तेव्हा तिथे दशांशापर्यंत जुळलंच पाहिजे.

८ तारीख जुळली. मावशींच्या केंद्राची सकाळची स्लिप ४१६.० लिटर, गोषवारा ४१६.०. १० तारखेच्या सकाळी मात्र पोटात गोळा आला. ९ तारखेच्या नोंदी १८०९ आणि डोंगराकडच्या एका केंद्राचा आकडा स्लिपपेक्षा कितीतरी कमी. दुरुस्ती मागे घ्यायला हात गेलाच होता, तेवढ्यात `shifts=27/28` दिसलं. त्या केंद्राची संध्याकाळची पाळी रेंज नसल्यामुळे आलीच नव्हती. दहाच्या सुमारास ती आली, गोषवारा पुन्हा चालवला, जुळलं. तेव्हापासून अठ्ठावीस पाळ्या पूर्ण झाल्याशिवाय मी ताळा करायला बसत नव्हतो.

११ तारखेला १ ते १० मेचं कच्चं बिल काढलं. मावशींच्या केंद्राच्या सकाळच्या दहा स्लिपांची बेरीज आणि बिल यांत फरक निघाला २.१ लिटर. चार हजारांवर लिटरांत दोन लिटर. हिशेबनीस काका म्हणाले, "अरे, सँपलचं असेल, सोडून दे." टँकरच्या वजनात एवढा फरक असता तर मीही सोडून दिला असता.

तारीखवार उलगडलं तेव्हा ८ मेची पहाट दोनदा सापडली. ७ तारखेचा गोषवारा जुन्या क्वेरीने केलेला, त्यात ८च्या पहाटेचं ११७.९ लिटर दूध शिरलेलं. ८ तारखेचा नव्या क्वेरीने केलेला, त्यातही तेच ११७.९, कारण आता ते तिथलंच होतं. मग फरक फक्त २.१ कसा? तर १ मेच्या पहाटेचं ११५.८ लिटर या बिलात नव्हतंच, ते ३० एप्रिलच्या नावावर मागच्या बिलात गेलं होतं. एक पहाट जास्त, एक पहाट कमी, आणि बेरीज जवळजवळ बरोबर.

म्हणजे दुरुस्ती बरोबर होती, पण जुना आणि नवा हिशेब जिथे सांधला गेला तो सांधा उसवलेला होता. माझ्या रोजच्या ताळ्यात हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण मी ८ तारखेपासून पुढेच बघत होतो. ७ तारीख माझ्या लेखी "जुनी" होती.

१ ते ७ मेचे गोषवारे मूळ नोंदींवरून पुन्हा तयार केले. दहाही दिवस दशांशापर्यंत जुळले. पण तसंच बिल काढलं असतं तर १ मेच्या पहाटेचं दूध पुन्हा हिशेबात आलं असतं, आणि त्याचे पैसे उत्पादकांना एप्रिलच्या बिलात मिळून चुकले होते! म्हणजे गोषवारा बरोबर आणि बिल चूक. हे काकांच्या लक्षात आलं, माझ्या नाही. त्यांनी तिन्ही केंद्रांच्या त्या उत्पादकांची यादी मागितली आणि प्रत्येकाच्या बिलात "३० एप्रिलमध्ये अदा" अशी वजावटीची ओळ घातली. ओळ न लिहिता नुसती रक्कम कमी केली असती तर सोसायटीपुढे रांग लागली असती, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

११ मेपासूनचं बिल अथपासून इतिपर्यंत नव्या क्वेरीचं असणार होतं, म्हणून ताळा चालू ठेवला. पंधरा तारखेनंतर सचिवांचे फोटो पाठवणं मंदावलं, रोज फोन करावा लागला. मला बघायची होती ती २० आणि २१ मेच्या मधली पहाट, जिथे एक बिल संपतं आणि दुसरं सुरू होतं. २२ तारखेच्या सकाळी लॉगमध्ये २१ तारखेच्या अठ्ठावीस पाळ्या होत्या, लवकरच्या नोंदी ६१ होत्या. २० आणि २१ दोन्ही तारखांच्या पाचही केंद्रांच्या स्लिपा जुळल्या, आणि २१च्या पहाटेची एकही नोंद २०वर नव्हती. मग सचिवांना फोटो बंद करायला सांगितलं.

लॉगमधले ते दोन आकडे तसेच ठेवलेत. पावसाळ्यात केंद्रांच्या वेळा परत उशिराच्या झाल्या की `early_rows` शून्य दिसेल, हे लॉग बघणाऱ्या पोरालाही सांगून ठेवलंय, नाहीतर तो घाबरून मला पहाटे उठवायचा.