फार्माच्या नोट्सचे टेबल करताना आलेला अनुभव

सेकंड इयरच्या फार्माच्या नोट्स सर बोलतील त्याच ओघात वहीत उतरतात. त्यामुळे एनालाप्रिलने खोकला येतो हे एका पानावर, पोटॅशियम वाढतं हे बरंच पुढे आणि पेनकिलरसोबत जपून हे तर भलत्याच लेक्चरमध्ये. परीक्षेआधी परळच्या लायब्ररीत बसून मी सगळं क्लासप्रमाणे टेबलमध्ये घ्यायला लागले, सुरुवात एसीई इनहिबिटर्सपासून, म्हणजे एनालाप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्यांपासून.

कागद आडवा, चार कॉलम, पण आधी फक्त मेकॅनिझमचाच भरला आणि त्यातल्या परिणामांना नंबर दिले. एक, अँजिओटेन्सिन टू बनत नाही. दोन, ब्रॅडीकायनिन तुटत नाही, साठतं. मग प्रत्येक साइड इफेक्टपुढे नंबर टाकत गेले. कोरडा खोकला आणि तोंडा-ओठांची सूज दोनमुळे, पोटॅशियम वाढणं एकमुळे, कारण अल्डोस्टेरॉन कमी होतं. असं जोडलं की पाठ करायला फार काही उरतच नाही. जे कुठल्याच नंबरला बसत नाही, जसं कॅप्टोप्रिलने तोंडाची चव जाणं, ते खाली त्या औषधाच्या नावाने वेगळं लिहिलं.

खरी मजा पुढच्या टेबलला आली. टेल्मिसार्टन, लोसार्टन वगैरे अँजिओटेन्सिन टूचा रिसेप्टरच अडवतात, ब्रॅडीकायनिनच्या तुटण्यात ते पडत नाहीत, म्हणजे दोन नंबर जवळपास गेला आणि त्याच्यासोबत खोकलाही. पोटॅशियम आणि प्रेग्नन्सीत देऊ नये हे मात्र तसंच राहिलं.

इंटरॅक्शनच्या कॉलमला जास्त वेळ लागला, कारण नुसती नावं लिहून कळत नाही. मी मनात एक पेशंट धरला: आमच्या चाळीतल्या काकूंसारख्या कोणीतरी, बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड चालू, गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून रोज घेतायत. किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी नळी प्रोस्टाग्लँडिनमुळे मोकळी राहते, ती डायक्लोफिनॅकने आवळली. बाहेर नेणारी नळी टेल्मिसार्टनने सैल केली, त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड या डाययुरेटिकने शरीरातलं पाणी आधीच कमी केलेलं, म्हणजे गाळायला प्रेशरच उरत नाही आणि क्रिएटिनिन वाढतं. वर पेनकिलरमुळे बीपीच्या गोळीचा असरही कमी होतो. हे मी तिन्ही क्लासच्या टेबलमध्ये लिहिलं, कारण व्हायवात प्रश्न कुठूनही सुरू होऊ शकतो.

पण हे नंबर सगळीकडे चालत नाहीत. फेनिटॉइनने हिरड्या वाढतात हे मेकॅनिझमवरून सहज सुचत नाही, पाठच करावं लागतं. आणि लिव्हरच्या एन्झाइममुळे होणारी इंटरॅक्शन्स क्लासच्या टेबलमध्ये कोंबली तर तीच नावं परत परत येतात. म्हणून त्यांचा वेगळा कागद केला: एन्झाइम वाढवणारी एका बाजूला, अडवणारी दुसऱ्या बाजूला, आणि वाढवणाऱ्यांत सगळ्यात वर रिफॅम्पिसिन, कारण टीबीच्या पेशंटची गर्भनिरोधक गोळी त्याने निकामी होऊ शकते आणि हे तिला कोणीतरी आधी सांगायला हवं.