आमची वाटचाल: दीडशे प्रतींचं काम आम्ही पुढे का पाठवतो

आमचा छापखाना ऑफसेटचा. एक रंगाची पुस्तकं, डेमी आकार, पाचशे प्रतींपासून पुढे, हे आमचं काम. विचारणा मात्र सगळ्या प्रकारची येते, आणि त्यात दीडशे-दोनशे प्रतींची बरीच असते. घराण्याचा इतिहास, निवृत्त शिक्षकांच्या आठवणी, पहिला कवितासंग्रह. ही कामं सुरुवातीला आम्ही घेत असू. आता ती विश्वासातल्या डिजिटल छपाईवाल्याकडे पाठवतो.

कारण हिशेबात आहे. समजा, पुस्तक २०८ पानांचं आहे. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे १३ फर्मे. १८×२३ इंची कागदावर प्रत्येक फर्म्याला पाठपोट दोन प्लेटा, एकूण २६. शाई बसेपर्यंत आणि पाठपोट जुळेपर्यंत फर्म्यामागे शंभरेक कागद वाया जातात. हजार प्रतींना १३,००० कागद लागतात, त्यात १,३०० वाया गेले तर चालतं. दीडशे प्रतींना लागतात १,९५० आणि वाया जातात तेवढेच १,३००. प्लेट आणि मशीनची तयारी मिळून प्लेटमागे चारशे रुपये धरले, तर १०,४०० होतात. हजार प्रतींत तो खर्च प्रतीला दहा रुपयांच्या आसपास पडतो, दीडशेत एकोणसत्तर. डिजिटलला प्लेट नसते, दर पानामागे असतो. म्हणून एवढ्या कमी प्रतींना तेच परवडतं. हा हिशेब आम्ही ग्राहकाला कागदावर मांडून दाखवतो. नाहीतर आपलं काम लहान म्हणून टाळताहेत, असं त्याला वाटतं.

पुढे पाठवण्याआधी पाच गोष्टी विचारतो: प्रती, पानं, आकार, आत रंगीत पानं आहेत का, आणि प्रकाशनाची तारीख ठरली आहे का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मग ग्राहकाचं नाव न सांगता त्या छपाईवाल्याला फोन करतो: अमुक तारखेपर्यंत जमेल का? तो हो म्हणाला, की ग्राहकाला विचारतो, ‘तुमचा नंबर त्यांना दिला तर चालेल ना?’ नुसता नंबर हातात ठेवला, तर ग्राहक फोन करायला कचरतो आणि केलाच तर सगळं पहिल्यापासून सांगत बसतो. म्हणून दोघांना एकत्र एकच निरोप जातो:

‘डेमी, २०८ पानं, एक रंग, आत आठ रंगीत फोटो, १५० प्रती, २० तारखेला हव्यात. मजकूर तपासून तयार, मुखपृष्ठ बाकी, ते तुमचा कागद ठरल्यावरच करायचं. दर आणि बाकीचं तुम्ही दोघं थेट बोला.’

दर आम्ही कधीच सांगत नाही, अंदाजेसुद्धा. आपण सांगितलेला आकडा ग्राहक धरून ठेवतो आणि समोरच्याला पहिल्याच बोलण्यात तो खोडावा लागतो.

काम बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी. एक, फाइल. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पीडीएफमध्ये फॉन्ट न जोडता गेला, की दुसऱ्याच्या संगणकावर अक्षरांची खिचडी होते. दोन, कणा. २०८ पानं म्हणजे १०४ कागद. एका कागदाची जाडी ०.१० मिमी असेल तर कणा साडेदहा मिमीच्या आत राहतो, ०.१२ असेल तर साडेबाराच्या जवळ जातो. आमच्या कागदावर बेतलेलं मुखपृष्ठ तसंच पाठवलं, तर कण्यावरचं नाव सरकून पुढच्या बाजूला डोकावतं. म्हणून मुखपृष्ठ बाकी असेल तर ते छपाईवाल्याचा कागद ठरल्यावरच करायचं, हे निरोपात लिहितो.

ज्याच्याकडे पाठवायचं, त्याच्याकडे आधी आमचंच वीस प्रतींचं काम करून घेतलं आहे. पुस्तक मधोमध पूर्ण उघडून एक पान ओढून पाहायचं; गोंद कच्चा असेल तर ते सहज हातात येतं. पान उजेडासमोर धरायचं. पुढच्या-मागच्या ओळी एकमेकींवर बसतात की नाही, ते कळतं. तारीख चुकणार असेल तर तो आधी कळवतो का, हेही पाहायचं. छपाई उत्तम पण फोन उचलत नाही, अशा माणसाकडे आम्ही ग्राहक पाठवत नाही.

कमिशन घेत नाही. ते शेवटी ग्राहकाच्याच दरात चढतं, आणि मग आमची शिफारस ही शिफारस राहत नाही. काम आमच्या नावावर घेऊन बाहेरून करून घेणं ही वेगळी गोष्ट. तिथे बिल आमचं, चूकही आमची. दोन्हींची सरमिसळ केली, की पानं सुटल्यावर ग्राहकाला कोणाकडे जावं ते समजत नाही.

आणि काही कामं आम्ही पुढेही लगेच पाठवत नाही. मजकूर अजून हस्तलिखितात असेल, तर आधी टायपिंग आणि मुद्रितशोधन, हेच सांगतो. आगाऊ रक्कम द्यायला ग्राहक तयार नसेल, तर तसं छपाईवाल्याला स्पष्ट सांगतो. घ्यायचं की नाही ते त्याने ठरवावं.

निरोप गेल्यावर आठवड्याने एकच फोन करतो, ग्राहकाला. बोलणं झालं का, एवढंच विचारायला. पुस्तक तयार झालं, की एक प्रत मागवून घेतो आणि तिचं एक पान ओढून पाहतो.