रुपयाला एक रुपया वीस पैसे

“मिस्त्री, काम अंगावर घेतलं की शेवटी पैसे वाटता कसे? आणि बिगाऱ्याला रोज दिला की पुरे, त्याला वरच्या पैशात वाटा कशाला?”

वाटप रोजाच्या प्रमाणात करतो, डोक्यागणिक नाही. सहा जण आहेत म्हणून सहा सारखे वाटे केले तर थापी धरणारा पुढच्या कामाला येत नाही. गवंड्यांनी आपसात ठरवून बिगाऱ्याच्या हातावर काहीतरी टेकवलं तर घमेलं उचलणारा येत नाही. रोजाचा दर मात्र काम सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांनी मान्य केलेला असतो. कोणाचा हात किती बसलाय याचं माप त्यात आलेलं असतं, ते शेवटच्या दिवशी पैशाची गड्डी समोर ठेवून नव्याने काढायचं नसतं.

मागे एक वीटकाम आणि गिलाव्याचं काम केलं, त्याचाच हिशेब सांगतो. आकडे सोपे करून घेतलेत, दर तुमचे तुम्ही घाला. माल मालकाचा, मजुरी उक्ती 82,000. त्यातून परांचीचं भाडं आणि किरकोळ सामान असे 4,000 आधी बाजूला काढले. उरले 78,000. आता वही उघडायची. माझ्या हजेऱ्या 20, दुसऱ्या गवंड्याच्या 16, दोघांचा रोज 900. एक पोरगा नुकता थापी धरायला लागलेला, त्याचा रोज 700 आणि हजेऱ्या 14. बिगारी दोघं, रोज 600: मावशींच्या 20 हजेऱ्या आणि त्यांच्या पुतण्याच्या 18. प्रत्येकाची हजेरी गुणिले रोज केलं की माझे 18,000, दुसऱ्या गवंड्याचे 14,400, पोराचे 9,800, मावशींचे 12,000, पुतण्याचे 10,800. बेरीज 65,000.

म्हणजे हेच काम रोजावर केलं असतं तर 65,000 मिळाले असते, अंगावर घेतलं म्हणून 78,000 मिळाले. 78,000 ला 65,000 ने भागा, 1.2 येतं. रोजाच्या प्रत्येक रुपयाला एक रुपया वीस पैसे. मला 21,600, दुसऱ्या गवंड्याला 17,280, पोराला 11,760, मावशींना 14,400, पुतण्याला 12,960. पुन्हा बेरीज करून बघा, 78,000 च भरतात. ही उलटी बेरीज मी सगळ्यांसमोर मोठ्याने करतो. मुकादमाच्या खिशात काही राहिलं का, याचं उत्तर तिथेच मिळतं. काम बघायला आणि मापं घ्यायला माझा जो दिवस जातो तो मी माझ्या हजेरीत उघड लिहितो. वरच्या 20 मध्ये तो एक दिवस धरलेला आहे. दुसरं कमिशन नाही.

आता बिगाऱ्याच्या वाट्याचं. मावशी आणि पुतण्याला नुसता रोज दिला असता तर त्यांचे 22,800 गेले असते आणि उरलेले 55,200 आम्ही तिघांनी वाटून घेतले असते. मला 21,600 ऐवजी साधारण 23,545 मिळाले असते. बरेच मुकादम असंच करतात, आणि बिगाऱ्याला आधी तसं सांगितलं असेल तर त्यात फसवणूक नाही. मी करत नाही, कारण उक्त्या कामातले वरचे पैसे मुळात येतात कुठून ते रोज बघतो. परांचीवर गवंडी थापी हातात धरून मालाची वाट बघत बसला की 900 चा माणूस रिकामा असतो. सकाळी आम्ही कपडे बदलेपर्यंत पहिला माल कालवलेला, विटा भिजवून हाताशी लावलेल्या, आदल्या दिवसाच्या भिंतीवर पाणी मारलेलं, हे सगळं बिगाऱ्याच्या हातात आहे. त्याला वरच्या पैशातलं काही मिळणार नसेल तर त्याने धावपळ का करावी? रोज तर त्याला तसाही मिळणार आहे, उलट काम चार दिवस लांबलं तर चार रोज जास्तच.

तोट्याची बाजूही आधीच बोलून घ्यावी लागते. समजा, त्याच हजेऱ्यांवर वाटायला 58,500 च उरले. म्हणजे रुपयाला नव्वद पैसे. इथे मी नियम मोडतो. बिगाऱ्यांना पूर्ण रोज, 22,800, आणि उरलेल्या 35,700 मध्ये आम्ही थापीवाले. माझ्या 18,000 चे 15,227 होतात. कामाचा अंदाज मी काढला, ‘परवडतंय’ असं मी म्हणालो, तो चुकला तर मावशींनी का भरावं? माझा जोडीदार गवंडी यावर अजून कुरकुरतो. त्याचं म्हणणं, नफ्यात वाटा हवा तर तोट्यातही घ्या. हिशेबाने तो बरोबर आहे, मला मात्र ते जमत नाही.

तोटा यायचा असेल तर वही आधी सांगते. निम्मं काम झालं तेव्हा हजेरीची रक्कम उक्त्या पैशाच्या निम्म्यापुढे गेली असेल तर हजेरी कामाच्या पुढे पळतेय. त्याच दिवशी मालकाशी वाढीव कामाचं बोलायचं असतं. ‘ही एवढी खिडकी सरकवून द्या’ म्हणून केलेली तोडफोड उक्त्यात धरलेली नसते, आणि शेवटी आठवण करून दिली तर ती कोणालाच आठवत नाही.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती उचलीवरून, आणि त्यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. याच कामात दुसऱ्या गवंड्याने 10,000 आणि पुतण्याने 5,000 उचल घेतली होती. मी ते 15,000 आधी 78,000 मधून वजा केले, उरलेले 63,000 प्रमाणात वाटले आणि मावशींसमोर 11,630 मोजले. त्यांनी नोटा हातात घेतल्याच नाहीत. म्हणाल्या, “मिस्त्री, उचल मी घेतली नाही. मग 12,000 माझा रोजच होतो, त्याच्या खाली कशी आले?”

वहीत पाहिलं तर खरंच. उचल एकूण पैशातून वजा केली की ती सगळ्यांवर वाटली जाते, ज्याने घेतली तो अर्धामुर्धा सुटतो. उचल हा आधी दिलेला वाटाच आहे. आधी पूर्ण 78,000 वाटायचे, मग ज्याची उचल त्याच्या नावातून काढायची. पुतण्याचे 12,960, उचल 5,000, हातात 7,960. मावशींचे 14,400. मी पुन्हा मांडायला बसलो तेव्हा मावशी वहीत डोकावून बघत होत्या.

तेव्हापासून हजेरी रोज संध्याकाळी, हत्यारं धुताना, मोठ्याने वाचतो. पूर्ण रोजाला उभी रेघ, अर्ध्याला आडवी, स्लॅबच्या दिवशी रात्र झाली तर दीड. कोणाची हरकत असेल तर त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी खाडाखोड नाही. उचल उजव्या पानावर, घेणाऱ्याच्या सहीने किंवा अंगठ्याने. त्या कामाच्या पानावर माझ्याच अक्षरात 11,630 खोडलेले आहेत आणि बाजूला 14,400 लिहून मावशींनी अंगठा दिलाय.